पहिल्या फोनवर मागचा रविवार विचारा

प्रश्न: स्थळ आलंय, बायोडाटा दोन्हीकडे पसंत आहे. उद्या मुलाशी पहिल्यांदा फोनवर बोलायचंय. बायोडाटात आहे तेच पुन्हा न विचारता काय बोलू?

उत्तर: ‘छंद काय?’ आणि ‘अपेक्षा काय?’ हे दोन प्रश्न विचारूच नका. त्यांची उत्तरं सगळ्यांची पाठ असतात.

माझं पहिलं स्थळ अशाच फोनवर जमलं. ११ मिनिटं बोललो. शिफ्ट असते का, बदली होते का, वाचन आवडतं का. सगळं कागदाशी जुळलं म्हणून मी होकार दिला. साखरपुड्यानंतर लक्षात आलं की हॉल कुठला हवा एवढं विचारलं तरी ‘घरी विचारून सांगतो’. दोन महिन्यांनी मोडलं. मावशी म्हणाली, नशीब. नशीब कसलं! त्या पहिल्या फोनवरच प्रत्येक वाक्य ‘आमच्याकडे’ असं सुरू होत होतं, ‘मला’ एकदाही आलं नव्हतं. माझंच लक्ष नव्हतं.

पुढच्या स्थळाला मी विचारलं, ‘मागचा रविवार कसा गेला?’ पण आधी माझा सांगितला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मी दिवसभर घड्याळ लावून ड्रॉप घालत होते आणि भाऊ फिरकला नाही म्हणून चिडले होते. आपण आधी सांगितलं की समोरच्याला उलटतपासणी वाटत नाही. तो जरा थांबून म्हणाला, ‘बहिणीला पैसे हवे होते. मी नाही म्हणालो. दिवसभर वाईट वाटत होतं.’

मी फक्त ‘मग?’ म्हटलं.

पुढची २० मिनिटं त्यातच गेली. अगदीच नाही म्हणाला नव्हता, मागितले त्यातले निम्मे देतो म्हणाला होता, बाकी का जमणार नाहीत तेही तिला सांगितलं होतं. आईला ते पटलं नव्हतं, तरी तो ठाम होता. बहिणीला मात्र एका शब्दानं नावं ठेवली नाहीत.

म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. ‘एकत्र कुटुंब चालेल का?’ला सगळे हो म्हणतात. ‘घरी शेवटचं कशावरून वाजलं?’ला तसं म्हणता येत नाही. असा एक धागा पुरतो, तोच धरून ठेवा. आणि तुमच्या चार-पाच प्रश्नांनंतरही तिकडून एकही प्रश्न येत नसेल, तर तेही लक्षात ठेवा.

मावशीचं अजून म्हणणं आहे की पहिल्याच फोनला एवढं खोलात शिरलं तर स्थळं पळतात. पळू देत ना, साखरपुड्याचा खर्च तरी वाचतो. मी त्या रविवारवाल्याशीच लग्न केलंय, सहा वर्षं झाली.

हो, एक राहिलं. आधी मेसेज करून विचारा, निवांत एकटे कधी असाल. घरचे शेजारी बसले असतील तर कोणीही हो-नाही एवढंच बोलतं. तसं वाटलं तर फोन आवरता घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. आणि आधीच्या प्रेमाचा विषय उद्या नको, तो समोरासमोर भेटल्यावर.