एफएमसीजी सेल्स ऑफिसरच्या रिझ्युमेत आकडे कसे मांडावेत?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात एका बिस्किट कंपनीचा सेल्स ऑफिसर आहे. मोठ्या कंपनीत अर्ज करायचाय. डिस्ट्रिब्युटर, दुकानं, ग्रोथ, कलेक्शन हे रिझ्युमेत नेमकं कसं लिहू? मित्र म्हणतो, थोडं फुगवून लिही, सगळेच लिहितात.

उत्तर:

मित्राचं ऐकू नका. फुगवलेला आकडा स्वतःमुळे पकडला जात नाही, शेजारच्या आकड्यामुळे पकडला जातो. मी एरिया मॅनेजर म्हणून सेल्स ऑफिसर निवडतो. रिझ्युमे हातात आला की आधी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो. त्यामुळे तुमचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाठवण्याआधी तुम्हीच तपासा.

दुकानांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच असते. समजा तुमच्याकडे ६ डिस्ट्रिब्युटर आणि त्यांचे मिळून ९ सेल्समन आहेत. सेल्समनचे आठवड्याला ६ बीट, एका बीटमध्ये साधारण ४० दुकानं, म्हणजे एकाकडे २४० दुकानं. सांगली-मिरज शहर आणि मोठी गावं करणारे ७ सेल्समन दर आठवड्याला फिरतात, त्यांची झाली १,६८०. जत-आटपाडीकडचे दोघे गावं लांब असल्यामुळे पंधरवड्याने फिरतात, म्हणून त्यांचे बीट दुप्पट: प्रत्येकी ४८०, दोघांची ९६०. एकूण २,६४०. आता याच मनुष्यबळावर कोणी ‘५,००० आउटलेट कव्हरेज’ लिहिलं, तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यांच्याकडे जातं कोण?

त्यातही यादीतली दुकानं वेगळी आणि महिन्यात निदान एकदा बिल झालेली दुकानं वेगळी. दोन्ही लिहा. २,६४० पैकी १,६५० दुकानांचं बिल होत असेल, तर तसंच लिहा. हा आकडा छोटा दिसेल म्हणून लोक लपवतात, पण वाचणारा शोधत असतो तो हाच. मग तो विक्रीला याने भागतो. तुमची महिन्याची सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरने बाजारात केलेली विक्री, ४२ लाख, त्यात होलसेल ९ लाख, तर किरकोळ दुकानांची ३३ लाख. भागिले १,६५०, म्हणजे दुकानामागे २,००० रुपये. बिस्किटात हे पटण्यासारखं आहे. होलसेल वेगळं काढलं नाही, तर तुमचा धंदा दुकानांतून येतो की मार्केट यार्डातल्या चार पेढ्यांतून, हे कळत नाही. महिनाअखेरीला होलसेलवर माल टाकून टार्गेट करणारा माणूस कोणाला नको असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

ग्रोथ लिहिताना आधी ‘प्रायमरी’ की ‘सेकंडरी’ ते स्पष्ट करा. प्रायमरी म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिलेलं बिल, आणि ते रेटून वाढवता येतं. दर महिन्याला प्रायमरी ४६ लाख आणि सेकंडरी ४२ लाख असं चालू असेल, तर ४ लाखांचा माल गोडाऊनमध्ये साचतोय. सहा महिन्यांत तो २४ लाख होतो. मग एक्स्पायरीचे क्लेम येतात आणि पार्टी फोन उचलायची बंद होते. म्हणून ग्रोथ सेकंडरीवर दाखवा.

दुसरी गोष्ट, कशाच्या तुलनेत? गेल्या वर्षी महिन्याची सरासरी ३६ लाख होती आणि आता ४२, म्हणजे १६.७ टक्के. झकास. पण मधेच आटपाडी तालुका दुसऱ्या ऑफिसरकडून तुमच्याकडे आला असेल आणि त्याचे ३ लाख या ४२ मध्ये असतील, तर जुन्या भागात तुम्ही ३६ चे ३९ केलेत. ती ग्रोथ ८.३ टक्के. रिझ्युमेत ८.३ लिहा आणि आटपाडीचं वेगळं सांगा. याउलट त्या तालुक्यात आधी कंपनीचं कोणी नव्हतं, तुम्हीच पार्टी शोधून नेमली, तर ते ३ लाख पूर्ण तुमचे आहेत. मग १६.७ बिनधास्त लिहा, फक्त त्यातले किती नव्या नेमणुकीतून आले ते सांगा. बिस्किटात रुपयांसोबत टनांची वाढही लिहा. भाव वाढल्याने किंवा पुड्यातले ग्रॅम कमी झाल्याने दोन्ही आकडे वेगळे पडतात, आणि विचारणाऱ्याला ते माहीत असतं.

डिस्ट्रिब्युटरच्या नुसत्या संख्येला फारसा अर्थ नाही. ६ मिळाले की ६ घडवले? किती नेमले, किती बदलले, बदललेल्याचा जुना माल आणि क्लेम मिटवून हिशेब पूर्ण केलात का, एवढं एका ओळीत येऊ द्या. जुनी पार्टी शांतपणे सोडवणं हे नवी नेमण्यापेक्षा अवघड काम आहे. ते केलं असेल तर नक्की लिहा.

कलेक्शनमध्ये ‘१०० टक्के वसुली’ ही ओळ सगळ्यात पोकळ. तुमची कंपनी आगाऊ पैसे घेऊनच माल सोडत असेल, तर वसुली १००च असणार, त्यात तुमचं काय? अशा वेळी डिस्ट्रिब्युटरची बाजारातली उधारी दाखवा, कारण त्याचे पैसे तिथे अडकले की तुमची पुढची ऑर्डर अडते. गेल्या वर्षी ३६ लाखांच्या विक्रीवर २६ लाख बाजारात होते, म्हणजे साधारण २२ दिवसांची उधारी. आता ४२ लाखांवर १८ लाख आहेत, म्हणजे १३ दिवस. विक्री वाढली आणि उधारी उतरली, हे दोन्ही एकत्र दिसलं की वाचणारा थांबतो. कसं केलंत तेही जोडा: बिलवार येणं काढलं, जुनं बिल मिटल्याशिवाय नवा माल नाही असं धोरण ठेवलं, जे असेल ते. कंपनी क्रेडिट देत असेल, तर मुदतीचे दिवस आणि मुदत उलटलेली रक्कम आधी किती, आता किती, असं लिहा.

हे सगळं रिझ्युमेत चार-पाच ओळींत बसतं. ओळी इंग्रजीत जातील, मजकूर असा:

> सांगली जिल्हा: ६ डिस्ट्रिब्युटर, ९ सेल्समन; पैकी १ डिस्ट्रिब्युटर नवा नेमला, १ हिशेब पूर्ण करून बदलला.
> यादीत २,६४० दुकानं, महिन्याला १,६५० दुकानांचं बिल.
> सेकंडरी महिन्याला सरासरी ३६ लाखांवरून ४२ लाख (होलसेल ९ लाख). वाढीतले ३ लाख नव्या तालुक्यातून.
> बाजारातली उधारी २२ दिवसांवरून १३ दिवसांवर, बिलवार वसुलीमुळे.

हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत. तुमचे स्वतःचे डीएमएसमधून काढा, एका महिन्याचे नाही, निदान वर्षभराची सरासरी. दिवाळीचा महिना उचलून लिहिलेला ओळखू येतो. ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘टीम प्लेयर’ वगैरे काढून टाका, तेवढीच जागा मोकळी होईल.

डीएमएसचे स्क्रीनशॉट जोडू नका, तो कंपनीचा डेटा आहे आणि उद्या माझाही असाच बाहेर जाईल, असं समोरच्याला वाटतं. डिस्ट्रिब्युटरची नावंही लिहू नका. एकाच पार्टीकडे चार कंपन्यांची एजन्सी असते. नव्या कंपनीतून कोणी मिरजेच्या पार्टीकडे सहज चौकशी केली, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या सध्याच्या साहेबांना कळलेलं असेल.