मावशीच्या सोसायटीत पहिल्यांदा जाताय?

निघण्याआधी मावशीकडून टॉवर, विंग आणि फ्लॅट नंबर तिन्ही लिहून मागवा. नुसतं ‘१२०४’ सांगून गेटवर काही होत नाही, कारण १२०४ प्रत्येक विंगमध्ये असू शकतो. साधारणपणे त्यातला १२ म्हणजे मजला आणि ०४ म्हणजे त्या मजल्यावरचा फ्लॅट. ‘टॉवर ३, बी विंग, १२०४’ असा पूर्ण पत्ता हवा.

सोसायटीत गेटचं ॲप असेल तर तुमची एन्ट्री आधीच टाकायला सांगा. मग एक कोड येतो, तो गार्डला दाखवला की काम झालं. कोड नसेल तर गार्ड नाव, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर लिहून घेतो आणि मंजुरीची सूचना पाठवतो. लोक अडकतात ते इथेच. ती सूचना ॲपवर ज्याचा नंबर आहे त्यालाच जाते, आणि पुष्कळदा तो नंबर ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाचा असतो! मावशी घरी वाट बघतेय आणि तुम्ही गेटवर उभे. अशा वेळी गार्डशी हुज्जत घालू नका. त्याला इंटरकॉम लावायला सांगा, किंवा मावशीला फोन करून त्याच्याशी बोलायला द्या.

आत गेल्यावर टॉवरच्या नावापाशी थांबू नका. पुष्कळदा एकाच टॉवरला दोन लॉबी असतात, ए आणि बी वेगळ्या. चुकीच्या लिफ्टने गेलात तर बारावा मजला येतो, १२०४ ची पाटीही दिसते, पण दार भलत्याच कुणाचं. बेल मारण्याआधी पाटीवरचं आडनाव वाचा.