जुन्या इमारतीच्या दारात रॅम्प: आधी कमिटीसोबत मोजमाप

प्रश्न: आमची इमारत जुनी आहे. दाराशी तीन पायऱ्या, आत लिफ्टच्या आधी आणखी एक. आई आता व्हीलचेअरवर असते. कमिटीचं म्हणणं, जागाच नाही, आणि फार तर पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून देऊ. नीट रॅम्प बसेल का आणि कमिटीला कसं पटवावं?

उत्तर:

पायऱ्यांवर सिमेंटचा उतार अजिबात करू देऊ नका. आमच्याकडे एका ठेकेदाराने तो केला होता. ४८ सेंमीचा चढ त्याने दोन मीटरमध्ये बसवला, म्हणजे १:४ च्या आसपास. वर जाताना दोन माणसांनी ढकलायचं, खाली येताना खुर्ची उलटी फिरवून जीव मुठीत धरून उतरवायची. पाऊस पडला की ज्यांच्यासाठी केला त्यांनी घरातच बसायचं. शेवटी तो फोडावा लागला.

हिशोब साधा आहे: जेवढा चढ त्याच्या बारापट लांबी. हा १:१२ उतार म्हणजे कमाल मर्यादा. जागा असेल तर १:१५ करा, कारण स्वतःच्या हातांनी चाक फिरवणाऱ्याला १:१२ वरही दम लागतो. आमच्या ४८ सेंमीला १:१२ ने ५.७६ मीटर रॅम्प लागत होता. शिवाय वर दारासमोर आणि खाली सुरुवातीला दीड-दीड मीटरचा सपाट टप्पा, एकूण ८.७६ मीटर. दारापासून गेटपर्यंत आमच्याकडे साडेसहा मीटरच होते. कमिटीने इथेच "जागा नाही" म्हणून विषय मिटवला होता.

तरी पायऱ्यांची उंची मोजून थांबू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. एक टोक दाराच्या उंबऱ्याशी धरा, दुसरं अंगणात जिथे रॅम्प सुरू होईल तिथे. दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून वजाबाकी करा. जुन्या इमारतींचं अंगण पाणी वाहून जावं म्हणून गेटकडे उतरतं ठेवलेलं असतं. आमच्याकडे गेटजवळची जमीन पायऱ्यांच्या तळापेक्षा ७ सेंमी खाली निघाली. म्हणजे गेटच्या दिशेने रॅम्प काढला असता तर चढ ५५ सेंमी झाला असता आणि नुसता रॅम्पच ६.६ मीटरचा. जितकं लांब जाल तितकी जमीन आणखी खाली. भिंतीला समांतर मोजलं तर जमीन जवळजवळ सपाट होती आणि कोपऱ्यापर्यंत ९ मीटर जागा होती. दिशा बदलली आणि रॅम्प बसला.

हे मोजमाप एकट्याने करू नका. रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि शंका काढणारा एखादा सदस्य, दोघांना बोलवा आणि नळीचं एक टोक त्यांच्या हातात द्या. मग खडूने रॅम्प, टप्पे, पायऱ्या सगळं जमिनीवर आखा आणि त्या रेषांतून आईंची खुर्ची फिरवून दाखवा. खुर्चीला जागेवर वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. आमच्या दारासमोरचा जुना चौथरा जेमतेम ९० सेंमीचा होता. बाहेर उघडणारं दार आणि खुर्ची त्यावर एकत्र मावतच नाहीत, हे कमिटीने तिथे उभं राहून पाहिलं. त्यानंतर कुणी सिमेंटच्या उताराचं नाव काढलं नाही.

खऱ्या हरकती आखणी झाल्यावर येतात आणि त्या ऐकून घ्याव्यात. तळमजल्यावरच्या कुटुंबाची हरकत रास्त होती: रॅम्पवरून जाणारा माणूस अर्धा मीटर उंचावरून थेट त्यांच्या खिडकीत बघणार. त्यातच भिंतीलगत ड्रेनेजचं चेंबर निघालं, आणि रॅम्पखाली गाडलेलं चेंबर तुंबलं की रॅम्पच फोडावा लागतो. आम्ही रॅम्प भिंतीपासून ६० सेंमी बाहेर सरकवला. चेंबर उघडं राहिलं, खिडकीपुढे झाडांच्या कुंड्या आल्या आणि भरावाची ओल भिंतीत जाण्याची भीतीही गेली. रुंदी कठड्यांच्या मध्ये दीड मीटर ठेवली. १.२ मीटरमध्येही खुर्ची जाते, पण समोरून कुणी आलं तर दोघांची पंचाईत होते. या सगळ्यात दुचाकींच्या पाच-सहा जागा गेल्या. त्या कुठे हलवायच्या हे आम्ही आराखड्यातच दाखवलं, म्हणून सभेत त्यावरून भांडण पेटलं नाही.

पायऱ्या मात्र काढू नका. गुडघे दुखणाऱ्या बऱ्याच लोकांना लांबच्या उतारापेक्षा कठडा धरून तीन पायऱ्या चढणं सोपं वाटतं. चौथरा मोठा केल्यावर त्याच्यापुढे पायऱ्या नव्याने बांधा.

बांधकामात दोन गोष्टींवर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. पहिली, दारातलं पाणी. उंबरा काढला की पावसाचं पाणी अडवायला काहीच उरत नाही. म्हणून वरच्या टप्प्याला दारापासून बाहेर हलका ढाळ हवा, मीटरला २ सेंमीपर्यंत, जास्त नको. शिवाय दारासमोर जाळीची पन्हळ घ्या. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फटी सव्वा सेंमीच्या आत, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात.

दुसरी गोष्ट भराव. ठेकेदार सगळी माती एकदम ओततो, वरून पाणी मारतो आणि स्लॅब टाकतो. पहिल्या पावसाळ्यात ती बसते, आणि रॅम्प इमारतीला टेकतो तिथे दोन सेंमीची धार तयार होते. पायी चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. खुर्चीची पुढची चाकं मात्र तिथे थांबतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. भराव १५-२० सेंमीच्या थरांत ठोकून घ्या. पृष्ठभाग खरखरीत ठेवा: झाडू फिरवलेलं काँक्रीट चालतं, गुळगुळीत ग्रॅनाइट नको. कठडा दोन्ही बाजूंना, मुठीत मावेल असा गोल पाइप, ९० सेंमी उंचीवर आणि दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे काढलेला. कडेला चाक घसरू नये म्हणून बुटकी कड.

कमिटीकडे अर्जासोबत आर्किटेक्टचा मोजमापांसह नकाशा द्या. स्थानिक परवानगी लागते का आणि अग्निशमन गाडीची वाट मोकळी राहते का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. विषय सभेच्या सूचनेत स्वतंत्र छापून यायला हवा, नकाशा जोडून. "आयत्या वेळचे विषय" यात तो ढकलला की नुसती चर्चा होते आणि पुढे ठरावाला हरकत घ्यायला वाव राहतो.

लिफ्टच्या आधीच्या पायरीचा विचार याच आराखड्यात करा. बाहेर रॅम्प झाला आणि आत एक पायरी राहिली तर आई बाहेरून फक्त लॉबीपर्यंत पोहोचतील. ती पायरी १५ सेंमीची असेल तर १.८ मीटर उतार लागेल आणि लिफ्टच्या दारासमोर दीड मीटर सपाट जागा उरायला हवी. तेवढी नसेल तर लॉबीची फरशी दारापासूनच उचलून घेता येते का ते बघा. तेव्हा मुख्य दाराची उंची कमी होईल आणि बाहेरचा चढही तेवढाच वाढेल, म्हणून दोन्हींचा हिशोब एकत्रच करावा लागतो.

नळीने मोजलेला चढ, भिंतीलगतची मोकळी लांबी आणि लॉबीतलं पायरीपासून लिफ्टपर्यंतचं अंतर, हे तीन आकडे इथे टाका. कागदावर बसवून सांगतो.