लग्नानंतर पीएफमधले आईचे नाव : तीन ठिकाणची तीन उत्तरे

प्रश्न : माझं लग्न होऊन वर्ष झालं. पीएफला नोकरी लागली तेव्हापासून नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे, बँकेत आणि विम्यातही तेच. बदलायची खरंच गरज आहे का? आईला वाईट वाटेल असं वाटतं.

उत्तर :

बँकेतले आणि विम्यातले नाव तुम्ही बदलाल तेव्हा बदलेल. पीएफमधले मात्र तुमच्या लग्नाच्या दिवशीच रद्द झाले आहे. कागदावर आईचे नाव दिसत असले तरी भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ६१ प्रमाणे सभासदाने लग्न झाल्यावर नवे नामनिर्देशन करायचे असते आणि लग्नाआधीचे नामनिर्देशन अवैध धरले जाते. आज तुमच्या पीएफला नॉमिनीच नाही असे समजा.

हे इतके ठामपणे लिहितो, कारण माझ्या धाकट्या भावाचा पीएफच्या नामनिर्देशनाचा फॉर्म २ मीच भरला होता. ऑगस्ट २००९ मध्ये तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून त्याने तो घरी आणला आणि जेवणानंतर मी तो निळ्या शाईने भरून दिला. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘अविवाहित’, नॉमिनीच्या रकान्यात आईचे नाव, हिस्सा शंभर टक्के. वडील आधीच गेले होते आणि आई आमच्यावरच अवलंबून होती, त्यामुळे त्या दिवशी तो फॉर्म अगदी बरोबर होता. मे २०१४ मध्ये भावाचे लग्न झाले, २०१६ मध्ये मुलगी झाली, आणि त्या फॉर्मची आठवण आम्हा कोणालाही राहिली नाही. जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या पाळीवरून घरी येताना तो अपघातात गेला.

तेराव्यानंतर कागद काढले तेव्हा मामा म्हणाले, “नाव ताईचं आहे, पैसे ताईचे. यात विचारायचं काय?” कारखान्याच्या कार्यालयातही त्यांच्या फाइलमध्ये आईचेच नाव होते, म्हणून त्यांनीही मृत्यूनंतरचा दावा एकट्या आईच्या नावाने भरून, शिक्का मारून पुढे पाठवला. मीही गप्प बसलो, कारण फॉर्म माझ्या हातचा होता आणि तो चुकीचा असू शकतो हे माझ्या मनातही आले नाही. दोन महिन्यांनी दावा परत आला. नामनिर्देशन विवाहापूर्वीचे आहे, कुटुंबातील सर्व सदस्यांचा तपशील आणि वारसांचे कागद जोडून दावा पुन्हा सादर करावा, असा शेरा त्यावर होता. मी पीएफ कार्यालयात समक्ष भेटायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी माझ्याच अक्षरातल्या ‘अविवाहित’ या शब्दावर आणि खालच्या तारखेवर बोट ठेवले, आणि शेजारी माझ्या भावजयीने जोडलेला विवाह नोंदणीचा दाखला ठेवला. दोन तारखा शेजारी ठेवल्यावर समजावून सांगण्यासारखे काही उरत नव्हते.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट त्याच भेटीत कळली. भावाने २०२१ मध्ये ऑनलाइन नामनिर्देशन सुरू केले होते. बायको, मुलगी आणि आई या तिघींची नावे, फोटो, टक्केवारी असे सगळे भरले होते. फक्त शेवटची सही झाली नव्हती. पीएफच्या संकेतस्थळावर शिरण्यासाठी त्याचा चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला होता, पण सही आधारच्या ओटीपीने करायची असते आणि त्याच्या आधारला जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला होता. ओटीपी आलाच नाही. नंतर करू म्हणून त्याने ते सोडून दिले असणार. सहीशिवायच्या त्या नोंदीला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नव्हती.

वैध नामनिर्देशन नसेल तर परिच्छेद ७० लागू होतो आणि रक्कम कुटुंबातील पात्र व्यक्तींना समान वाटली जाते. सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली यातून वगळल्या जातात, आणि आईवडील सभासदावर अवलंबून असतील तरच धरले जातात. आमच्याकडे पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई असे तीन वाटे झाले. खात्यात ६,४२,००० रुपये होते, म्हणजे प्रत्येकी २,१४,०००. याशिवाय पीएफला जोडून येणारा ईडीएलआयचा विमा होता, जो पुष्कळांना माहीतच नसतो. त्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. भावाचा पगार आणि शिल्लक पाहता पूर्ण ७ लाख बसले, आणि तेही याच तिघींत वाटले गेले. पेन्शनचा मार्ग वेगळा आहे. ती योजनेप्रमाणे विधवेला आणि पंचवीस वर्षांपर्यंतच्या दोन मुलांना मिळते, नॉमिनी कोण आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणून ती तुलनेने लवकर सुरू झाली. बाकीची रक्कम हातात यायला मात्र मृत्यूपासून अकरा महिने गेले, आणि त्यातले बरेचसे महिने तो पहिला चुकीचा दावा आणि वारस दाखल्यासाठी तहसील कार्यालयात घातलेले हेलपाटे यांनी खाल्ले. त्या अकरा महिन्यांत मामा भावजयीशी बोलत नव्हते, कारण दावा तिनेच अडवला असे त्यांनी धरून ठेवले होते.

आता बँकेचे. भावाची दीड लाखाची एक मुदत ठेव होती, तीही लग्नाआधीची आणि आईच नॉमिनी. लग्नामुळे बँकेतले नामनिर्देशन रद्द होत नाही, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि आईची ओळख पटवणारे कागद पाहून शाखेने ती रक्कम आईला दिली. मामांना यात आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण बँकेचा नॉमिनी पैसे स्वीकारतो तो सर्व वारसांच्या वतीने. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते, पण वारसांचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार प्रकरणात हेच सांगितले आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत पुरुषाची आई, पत्नी आणि मुले या पहिल्या वर्गातील वारसांना समान हिस्सा मिळतो, म्हणजे त्या दीड लाखातले एक लाख भावजयीचे आणि पुतणीचेच होते. बचत खात्याला तर नॉमिनीच नव्हता. रक्कम जेमतेम ३८,००० होती, पण तिच्यासाठी हमीपत्र, वारसांची संमती आणि चार खेपा लागल्या. ठेवीवर नाव होते म्हणून खात्यावरही असेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्येक खात्याचे आणि प्रत्येक ठेवीचे नामनिर्देशन वेगळे असते, हे तिथे कळले.

विम्याचा नियम तिसराच आहे, आणि तुम्ही सर्वांत आधी पाहायला हवा तो हाच. २०१५ मध्ये विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले नॉमिनी असतील तर ते केवळ स्वीकारणारे न राहता रकमेचे लाभार्थी हक्कदार ठरतात. भावाची पॉलिसी लग्नानंतरची होती, नॉमिनी भावजय होती, आणि ती रक्कम तिच्याकडेच राहिली. तुमच्या पॉलिसीत एकट्या आईचे नाव तसेच राहिले तर तुमच्या पत्नीला त्यातून काही न मिळण्याची शक्यता खरी आहे. तसे तुम्हाला हवे असेल तर राहू द्या, पण ते विसरल्यामुळे राहिलेले नसावे.

तेव्हा आधी पीएफ उरका. आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का हे पाहा, मग सभासद पोर्टलवर Manage या मेनूखालील E-Nomination उघडा. तुमचा स्वतःचा फोटो प्रोफाइलमध्ये नसेल तर पुढे जाता येत नाही. कुटुंबातील प्रत्येकाचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि फोटो भरा, नॉमिनी निवडून टक्के लिहा (बेरीज शंभर यायला हवी), जतन करा आणि e-Sign पूर्ण करा. जतन केले म्हणजे झाले असे समजणारेच जास्त अडकतात. पुन्हा त्या पानावर जाऊन नोंद प्रलंबित दिसत नाही याची खात्री करा आणि सही झालेली पीडीएफ छापून पत्नीकडे द्या. यासाठी कंपनीची मंजुरी लागत नाही. बँकेत नामनिर्देशनाचा फॉर्म खात्यागणिक भरून पोच घ्या आणि नामनिर्देशन नोंदवल्याचा उल्लेख पासबुकावर आणि ठेवीच्या पावतीवर करून मागा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात आणि त्यांचे हिस्सेही ठरवता येतात, त्यामुळे आई की पत्नी अशी निवड करावी लागत नाही.

आईला वाईट वाटण्याबद्दल. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर पीएफच्या व्याख्येप्रमाणे ती कुटुंबातच येते, आणि नव्या नामनिर्देशनात पत्नीबरोबर तिला हवा तेवढा हिस्सा देता येतो. नियमाप्रमाणे पुन्हा एकट्या आईचे नावही लिहिता येईल. मी ते करू नये म्हणेन. फॉर्म आईला दाखवूनच भरा. आमच्याकडे आईला कोणी काही विचारलेच नव्हते, मामाच तिच्या वतीने बोलत होते, आणि ते आजही म्हणतात की कायद्याने बहिणीच्या हातातले काढून घेतले. त्यांचे म्हणणे चालले असते तर वडील गेलेल्या सहा वर्षांच्या मुलीला बापाच्या पीएफमधला एक रुपयाही मिळाला नसता. कायद्याने आईला तिसरा हिस्सा दिला, आणि तो कमी आहे असे आई एकदाही म्हणाली नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कलम ३९ च्या अर्थाबद्दल सर्व न्यायालयांचे एकमत नाही, तेव्हा विम्याची रक्कम मोठी असेल तर नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करून ठेवा. आणि वारशाचे जे वाटे मी सांगितले ते हिंदू वारसा कायद्याचे आहेत. तुम्हाला दुसरा वैयक्तिक कायदा लागू असेल तर बँकेतल्या पैशांचे वाटे वेगळे होतील. पीएफचे नियम मात्र सर्वांना सारखेच आहेत.

दीड लाखाची ती ठेव मोडल्यावर आईने एक लाख भावजयीच्या हातात दिले. पीएफचा आणि ईडीएलआयचा स्वतःचा हिस्सा आला तेव्हा तिने त्याच शाखेत नवी ठेव केली. नॉमिनी म्हणून नातीचे नाव लिहिले, आणि नात अज्ञान असल्यामुळे तिच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात भावजयीचे. तोही फॉर्म मीच भरला.