पाच हजारात सूची मिळेल, व्हायवाला कोण बसणार?

"मॅडम, मुलगी एमए मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भालचंद्र नेमाड्यांवर डेझर्टेशन आहे, आणि त्यातल्या 'कोसला'च्या प्रकरणासाठी गाइडनी चाळीस समीक्षालेखांची अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी, म्हणजे टिपणांसकट सूची, मागितलीय. दोन महिन्यांत बाराच नोंदी झाल्या, नेट परीक्षेचा अभ्यास ठप्प आहे. मिस्टर म्हणतात स्टेशनजवळचा टायपिंगवाला पाच हजारात सगळं करून देतो, देऊन मोकळे व्हा. देऊ का? तिच्या तीन नोंदींचे फोटो पाठवतेय."
— एक आई, भांडुप

ताई, नका देऊ. आणि हे मिस्टरांना वाचून दाखवा, कारण मला काळजी त्या बारा नोंदींची नाहीये, घरात हा पर्याय जेवताना सहज बोलला जातोय याची आहे. पोरगी दोन महिने वाचत बसलीय आणि तिला कळलंय की आईबाबांच्या लेखी या कामाची किंमत पाच हजार आणि एक टायपिंगवाला. मग तिचा हात चालेल कसा?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगा आलेला, अशीच सूची विकत घेऊन व्हायवाला बसलेला. एक्झामिनरनी ओरडाआरडा काही केला नाही, फक्त विचारलं की या दोन नोंदींमध्ये फरक काय. फरक काहीच नव्हता, लेख एकच होता. एकदा मासिकातल्या सालासकट आलेला, एकदा तोच लेख पुढे पुस्तकात घेतला गेला त्या पुस्तकाच्या सालासकट, शीर्षक किंचित बदललेलं. ज्याने दोन्ही वाचलेत त्याला हे दुसऱ्या पानावर कळतं, ज्याने टाइप केलेत त्याला कधीच नाही. तो पोरगा त्या दिवशी काय बोलला ते त्याला आजही आठवत नाही म्हणतो.

आता फोटोंबद्दल. तुमची मुलगी कामचुकार नाहीये, ती चुकीचं काम करतेय. एकेका लेखाचा दोन-दोन पानं सारांश लिहिलाय, अगदी सुवाच्य अक्षरात. अ‍ॅनोटेशन म्हणजे सारांश हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि बहुतेक वेळा कॉलेजातच तो पक्का होतो. "सदर लेखात लेखकाने कादंबरीच्या आशयाचे व भाषेचे सविस्तर विवेचन केले आहे" हे वाक्य तिच्या तिन्ही नोंदींत आहे, आणि ते उचलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीवरच्या लेखाला चिकटवलं तरी चालेल, म्हणजे ते काहीच सांगत नाही. नोंद सव्वाशे-दीडशे शब्दांची पुरे. समीक्षक नेमकं काय म्हणतोय, कादंबरीतल्या कशाच्या आधारावर म्हणतोय, आणि माझ्या प्रकरणात हा लेख कुठे बसतो किंवा कुणाशी भांडतो, बस. वाचायला वेळ लागणारच, पण लिहायला अर्धा तास. दोन पानांवरून दहा ओळींवर आली की तिचा वेग आपोआप वाढेल.

तिची तिसरी नोंद घेते, कारण गंमत तिथेच आहे. नेमाड्यांचाच लेख, 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप', 1990 च्या 'टीकास्वयंवर'मधला. तिने लिहिलंय की नेमाडे मराठी कादंबरीच्या तीन वाटा सांगतात, 'यमुनापर्यटन' (1857), 'मुक्तामाला' (1861) आणि 'मोचनगड' (1871) यांच्यापासून निघालेल्या, पहिली वास्तवाला धरून चालणारी, दुसरी अद्भुतरम्य, तिसरी ऐतिहासिक. इथवर बरोबर. पण पुढे तिने लिहिलंय, "या निकषावर कोसला श्रेष्ठ ठरते." अगं बाई! निकष कुणाचा? नेमाड्यांचा. कादंबरी कुणाची? नेमाड्यांची. 'कोसला' 1963 ची, हा लेख नंतरचा. स्वतः कादंबरी लिहून झाल्यावर एक लेखक कादंबऱ्यांची मांडणी करतोय आणि पहिल्या वाटेला झुकतं माप देतोय, मग त्याची कादंबरी त्या मापात बसली तर त्यात सिद्ध काय झालं? हा लेख सूचीत हवाच, पण समीक्षक म्हणून नाही, लेखकाची भूमिका सांगणारा पुरावा म्हणून. मी असती तर नोंदीच्या शेवटी लिहिलं असतं: "कोसलाचे मूल्यमापन करण्यासाठी वापरायचा नाही, कोसलाबद्दलच्या नंतरच्या समीक्षेने ही भाषा कुठून घेतली हे दाखवण्यासाठी वापरायचा." या एका ओळीवर तिचं अर्धं प्रकरण उभं राहू शकतं, खरंच.

म्हणूनच नोंदी आडनावाच्या अकारविल्हे नंतर लावू दे, कामापुरत्या सालाने लावायला सांगा, आणि साल लेख पहिल्यांदा छापून आला ते, पुस्तकाचं नाही. देशीवादाची, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून यावं या नेमाड्यांच्या भूमिकेची, चर्चा जोरात आली ऐंशीच्या दशकात, त्यामुळे साठच्या दशकातल्या परीक्षणात तो शब्द सापडणार नाही, तिथे नायक पांडुरंग सांगवीकरचं तुटलेपण, अस्तित्ववाद, कादंबरीची बोली असले विषय असतील. सालवार लावलं की समीक्षेचं वळण कुठे बदललं ते डोळ्यांसमोर येतं. पुस्तकाचं साल टाकलं तर जुना लेख नव्या काळात जाऊन बसतो आणि ते वळणच दिसत नाही.

दुसरी अडचण मी फोटोतच पाहिली. पहिल्या नोंदीतलं अवतरण तिने शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवरच्या एका प्रबंधातून उचललंय, मूळ अंक पाहिलेला नाही. प्रबंधातून उचललेलं अवतरण पुढचा प्रबंधवाला उचलतो, छपाईच्या चुकीसकट. दोन प्रबंधांत एकच अवतरण एकाच चुकीसह दिसलं की समजायचं, मूळ निदान एकाने तरी उघडलेलं नाही. शोधगंगा लेखांचा पत्ता मिळवायला वापरू दे, मजकूर घ्यायला नाही. पत्ता मिळाला की दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात किंवा कलिनाच्या विद्यापीठ लायब्ररीत जाऊन अंक मागायचा, जायच्या आधी फोन करून अंक आहे का विचारायचं. कुणीतरी तिला मराठी ग्रंथांची दाते सूची बघ म्हणेल, ती मौल्यवान आहे पण 1950 ला थांबते, 'कोसला'साठी उपयोग नाही. आणि 'कोसला'तली अवतरणं देताना आवृत्ती लिहू दे, 1963 ची देशमुख आणि कंपनीची आणि नंतरची पॉप्युलरची, यांचे पृष्ठक्रमांक जुळतील असं धरून चालू नये. समीक्षक कुठल्या आवृत्तीचं पान सांगतोय हे नोंदीत नसेल तर ते पान शोधताना अख्खी दुपार जाते.

चाळीसचा आकडा मला जास्त वाटतो. एका कादंबरीच्या प्रकरणाला वीसेक नीट वाचलेल्या नोंदी पुष्कळ. गाइडशी बोलायला मुलीलाच पाठवा, तुम्ही जाऊ नका, मिस्टर तर अजिबात नको. जाताना फक्त तीन नव्या नोंदी घेऊन जाऊ दे, दहा ओळींच्या, आणि विचारू दे की अशा वीस चालतील का. बहुतेक गाइड हा प्रश्न ऐकून सुटकेचा श्वास टाकतात, त्यांनाही चाळीस वाचाव्या लागतात.

नेट वर्षातून दोनदा होते, जूनची हुकली तर डिसेंबरची देईल, त्याने आभाळ कोसळत नाही.

त्या पाच हजारांतून तिला ट्रेनचा पास आणि झेरॉक्सचे पैसे द्या. उरलेले मिस्टरांकडे परत.