दोन पावलं मागून चालणारे काका

"बाबांना मी दिवसातून दोनदा फोन करते, भाऊ त्यांच्याबरोबरच राहतो. तरी म्हणतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. आणखी काय करायचं आम्ही?"

समुपदेशन करताना हे मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलंय की आता एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 76, पत्नीला जाऊन दीड वर्ष. पहिल्या भेटीत म्हणाले, "मॅडम, मुलं चांगली आहेत. त्यांची तक्रार नाही." मग तक्रार कशाची, हे त्यांनाही सांगता येईना. मी त्यांना कालचा दिवस तासातासाने सांगायला लावला. सकाळी फिरून आले, लिफ्टने खाली-वर झाले, दुकानात गेले. दिवसभरात घराबाहेरच्या किती जणांशी शब्द झाला? बराच वेळ आठवून म्हणाले, "एकाशीही नाही."

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. एक, जिवाभावाचं माणूस नसण्याचा. दुसरा, आपण कोणत्याच गोतावळ्यात नसण्याचा. एकाची भूक दुसऱ्याने भागत नाही. माझं बरंचसं काम या भेदावर उभं आहे आणि त्याने मला क्वचितच दगा दिलाय. मुलीचा फोन पहिल्या कप्प्यात पडत होता. रिकामा होता दुसरा.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "काकू असताना फिरायला गेल्यावर कोण कोण भेटायचं?" त्यांनी सात-आठ जण भराभर सांगितले. मग थांबले. चष्मा काढून हातात धरला. "बोलायची तीच. मी दोन पावलं मागून चालायचो. ती थांबली की थांबायचो."

त्या क्षणी मलाही काहीतरी लख्ख दिसलं. काकू गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत ते सगळे नमस्कारही गेले होते, आणि त्याचं दुःख कोणी धरलंच नव्हतं. मीही दोन भेटी फक्त पत्नीवियोगाबद्दलच बोलत होते.

"आता ती माणसं नजर चुकवतात," काका म्हणाले.
"की तुम्ही खाली बघून चालता?"
उत्तर आलं नाही. पुढच्या भेटीत आलं. त्यांनी एका शेजाऱ्याला नाव घेऊन नमस्कार केला होता. तो थबकला आणि म्हणाला, "वहिनी गेल्यावर तुमच्याशी काय बोलावं तेच कळत नव्हतं हो."

दोन्हीकडून एकच गैरसमज. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 मध्ये शिकागोच्या प्रवाशांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. अनोळखी सहप्रवाशाशी बोलणं नकोसं होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जे बोलले त्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला.

मग आम्ही मोजायला लागलो. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या 2014 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडे दोन मोजणीयंत्रं दिली होती, एक जवळच्यांसाठी, एक नुसत्या ओळखीच्यांसाठी. ज्या दिवशी ओळखीच्यांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी मन जास्त प्रसन्न होतं. काकांनी यंत्राऐवजी खडे घेतले. एक नमस्कार झाला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात.

पहिल्या आठवड्यात दिवसाला एखाद-दुसराच. दोनदा तर समोरच्याने उत्तरच दिलं नाही आणि काका खट्टू होऊन आले. खोदून विचारल्यावर कळलं, एकाच्या कानात इअरफोन होते आणि दुसऱ्याला त्यांनी मागून हाक मारली होती. म्हणून इतकंच ठरवलं: रोज तीच वेळ, तोच रस्ता, म्हणजे तीच माणसं पुन्हा भेटतात. समोरून, नजर मिळाल्यावर बोलायचं. नाव माहीत नसेल तर विचारून घ्यायचं. प्रत्युत्तर नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून कानही तपासून घेतले. ही पायरी घरचे हमखास विसरतात. ऐकू न येणारा माणूस चुकीचं बोलण्याच्या भीतीने आधीच मान वळवतो.

सहाव्या आठवड्यात खडे आठ-नऊ व्हायला लागले.

मुलगी म्हणाली, "एवढ्याशाने काय होणार असं वाटलं होतं." ऑलिव्हर हक्सहोल्ड, कॅथरीन फिओरी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये चाळिशीपुढच्या अमेरिकी लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्याकडे अशा सैल ओळखी जास्त, त्यांच्यात पुढे उदासी कमी आढळली, आणि हा संबंध जवळच्या नात्यांच्या संख्येपेक्षा ठळक होता. अर्थात उलटही घडत असेल: आनंदी माणूस आपणहून जास्त बोलत असेल. म्हणून मी याला औषध म्हणत नाही. भूक आणि झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असं बोलणं येत असेल, तर नमस्कारांवर विसंबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

काकांच्या रात्री अजून जड जातात, आणि त्या कोणत्याही शेजाऱ्याने हलक्या होणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. मुलीला मी फोन कमी करायला सांगितलं नाही, फक्त प्रश्न बदलायला सांगितला. "जेवलात का?" ऐवजी ती आता विचारते, "आज किती खडे?" आणि काका एकेकाचं नाव घेऊन सांगतात.