भाडे हलत नसेल, तर करारातली बाकीची कलमे पाहा

«मी नोव्हेंबरपासून नोकरीसाठी जर्मनीत केम्निट्झला जातो आहे. एका मोठ्या कंपनीच्या मालकीची सदनिका आवडली, पण भाडे ठरलेले आहे, एक युरोही कमी होणार नाही, असे त्यांनी कळवले. घासाघीस करण्यात काही अर्थ आहे का?»

मूळ भाड्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही, बाकीच्या अटींवर आहे. ज्या कर्मचाऱ्याशी तुमचा पत्रव्यवहार चालू आहे, त्याला भाड्याचा आकडा बदलण्याचा अधिकार बहुधा नसतो. शिवाय जर्मन कायद्यात चालू करारातली पुढची भाडेवाढ सध्याच्या भाड्यावरून मोजली जाते आणि तीन वर्षांत किती टक्के वाढवता येईल यावर मर्यादा असते. त्यामुळे आज कमी केलेला आकडा कंपनीला पुढे अनेक वर्षे भोवतो. एक महिन्याचे भाडे माफ केले, तर मात्र भाड्याचा मूळ आकडा कागदावर तसाच राहतो. रिकाम्या घराचे दिवस कमी करणे, हे तर त्या कर्मचाऱ्याचे रोजचेच काम आहे.

मी केम्निट्झमध्येच ५८ चौरस मीटरचे घर घेतले, तेव्हा निव्वळ भाडे, म्हणजे काल्टमीटे, ३५० युरो होते आणि करारात पहिली दोन वर्षे घर सोडता येणार नाही अशी अट होती. घर रिकामे होते आणि जाहिरात दीड महिन्यापासून तशीच होती. जाहिरात जुनी असणे आणि घर पाहण्याची वेळ मागितल्याबरोबर मिळणे, या दोन खुणा दिसल्या तरच पुढचे सारे लागू पडते. म्युनिकमध्ये एका घरामागे रांग लागते, तिथे हा खेळ करू नये.

मी लिहिले की तुमचे भाडे आणि दोन वर्षांची अट मला मान्य आहे, या आठवड्यात सही करतो. त्या बदल्यात पहिल्या महिन्याचे काल्टमीटे माफ करावे, झोपण्याच्या खोलीतले फाटके लिनोलियम बदलावे, स्वयंपाकघराची मांडणी बसवण्यासाठी किल्ली दहा दिवस आधी द्यावी आणि नोकरीमुळे शहर सोडावे लागले, तर योग्य नवा भाडेकरू आणून देण्याच्या अटीवर मुदतीआधी बाहेर पडता यावे. (तिथे बऱ्याच घरांत ओटा, कपाटे, शेगडी काहीच नसते, भिंतीतून आलेले नळाचे पाइप तेवढे दिसतात.) चारही गोष्टी एकाच पत्रात मागितल्या, कारण एकेक मागत गेलो असतो, तर प्रत्येक वेळी नवा नकार ऐकावा लागला असता. ओटा बसवून देण्याची मागणी मी केलीच नाही. तो खर्च ते सहसा भाड्यात चढवतात.

तीन दिवसांनी चारही मागण्या मान्य झाल्या. माफ झालेले ३५० युरो २४ महिन्यांवर पसरले, तर महिन्याला साडेचौदा युरो होतात, म्हणजे भाडे सुमारे चार टक्क्यांनी कमी झाल्यासारखेच. पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते शेवटचे कलम. तुमचा जर्मनीत राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असेल, तर दोन वर्षांची अट तुम्हाला भाड्यापेक्षा महाग पडू शकते.

एक चूक मात्र झाली. बाकीच्या गोष्टी करारात आल्या, पण लिनोलियमचे आश्वासन फोनवरच राहिले. किल्ली घेतली त्या दिवशी खोलीत तेच फाटके लिनोलियम होते. घर ताब्यात घेताना दोघांच्या सहीचा जो ताबापत्रक-कागद होतो, त्यावर मी «झोपण्याच्या खोलीतील लिनोलियम बदलणे बाकी» असे तारखेसह लिहून घेतले आणि तीन आठवड्यांनी काम झाले. तुम्ही ते सहीआधीच करारात मुदतीसह घालून घ्या.

दोन गोष्टींवर वजन खर्च करू नका. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ती सवलत म्हणून मागितलीत, तर हक्काचीच वस्तू विकत घेतल्यासारखे होईल. दुसरे, पाणी, कचरा, हीटिंग यांसाठी महिन्याला भरायची रक्कम कमी करतो असे ते म्हणाले, तर हुरळून जाऊ नका. ती फक्त आगाऊ भरणा असते, वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब येतो आणि थंडीतले हीटिंग धरून उरलेली रक्कम एकदम मागितली जाते.

तुमच्या जाहिरातीची तारीख आणि करारातील किमान मुदत कळवलीत, तर त्या एकाच पत्रात चारपैकी कोणत्या मागणीवर जास्त जोर द्यावा ते सांगता येईल.